अंगी लागणारा घास

माझ्या बहिणीचा मुलगा पुण्यात इंजिनिअरिंग शिकतो, वसतिगृहात राहतो. वय १९, उंची १७३ सेंटिमीटर, वजन ५० किलो. मागच्या दिवाळीत ताईने त्याला माझ्यासमोर आणून बसवलं आणि म्हणाली, "याचं काहीतरी कर गं. ढीगभर खातो, पण खाल्लेलं अंगीच लागत नाही." तो खाली मान घालून बसला होता. शाळेत असल्यापासून त्याने 'काडीपैलवान' आणि 'पाप्याचं पितर' हे शब्द इतक्यांदा ऐकलेत की अर्ध्या बाह्यांचे शर्ट घालणंच सोडून दिलंय. थट्टा करणाऱ्यांना ती आठवतही नसेल, पण त्याला कोण कुठे काय म्हणालं ते सगळं आठवत होतं.

मी आहारतज्ज्ञ म्हणून बरीच वर्षं काम करते आहे. अशी मुलं-मुली समोर आली की जेवणाचं बोलण्याआधी मी एक गोष्ट तपासते: हा बारीकपणा अंगचा आहे की आजाराचा? अंगचा बारीक माणूस लहानपणापासूनच तसा असतो, घरात बाप, मामा किंवा आत्या त्याच चणीची असते, वजन वर्षानुवर्षं एका जागी असतं आणि अंगात उत्साह असतो. पण पूर्वी ५६ किलो असलेलं वजन काही न करता सहा महिन्यांत ५२ वर आलं असेल, तर लाडू खाऊ घालण्यात वेळ घालवू नये, आधी डॉक्टर गाठावा. भूक भरपूर असूनही वजन उतरतंय, छातीत धडधडतंय, हात थरथरतात, घाम फार येतो, तर थायरॉइड तपासायला हवं. तहान आणि लघवी वाढली असेल तर साखर. दोन आठवड्यांहून जास्त खोकला, संध्याकाळचा बारीक ताप आणि रात्रीचा घाम असेल तर क्षयरोग. पोट सतत बिघडलेलं असेल तर आतड्यांची तपासणी. मुलीची पाळी थांबली असेल किंवा खाण्याचीच भीती बसली असेल, तर तेही डॉक्टरांकडे नेण्याचंच कारण. भाच्याचं यातलं काहीच नव्हतं. त्याचे वडील लग्नात ५२ किलोंचे होते, हे ताईनेच हसत सांगितलं.

उंचीच्या मानाने वजन पाहण्याचा जो नेहमीचा आकडा आहे, म्हणजे किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागून येणारा बीएमआय, तो त्याचा १६.७ निघाला. जागतिक आरोग्य संघटनेच्या मोजणीप्रमाणे प्रौढांमध्ये १८.५ च्या खाली असलेला माणूस कमी वजनाचा. म्हणजे त्याला किमान साडेपंचावन्न किलोंपर्यंत जायचं होतं. साडेपाच किलो.

"ढीगभर खातो" हे मी कधीच खोटं मानत नाही, पण लिहून मात्र घेते. त्याला एक आठवडा वहीत सगळं लिहायला सांगितलं, चहासकट. वही आली तेव्हा तीत दोन वेगवेगळी माणसं जेवत होती. रविवारी घरी किंवा मित्रांबरोबर जेवणारा मुलगा खरोखर भरपूर खात होता, दिवसाला २,९०० कॅलरींच्या आसपास. ताईच्या डोळ्यांसमोर होता तो हाच. सोमवार ते शनिवारचा मुलगा मात्र सकाळी चहा आणि चार बिस्किटं खाऊन वर्गात पळत होता. दुपारी मेसमध्ये तीन पोळ्या, भाजी, वाटीभर भात आणि आमटी, संध्याकाळी चहा आणि वडापाव, रात्री दोन पोळ्या आणि थोडा भात. हे सगळं मिळून जेमतेम १,८०० कॅलरी. आठवड्याची सरासरी काढली आणि लिहिताना माणूस विसरतो तेवढं धरलं, तर दिवसाला २,१०० च्या आसपास. त्याच्या वयाच्या, उंचीच्या आणि हालचालीच्या मुलाला वजन आहे तिथेच ठेवायला साधारण तेवढंच लागतं. म्हणजे खाल्लेलं अंगी लागतच होतं, बरोबर ५० किलोंच्या अंगाला पुरेल एवढं.

मग जास्त जेव म्हणायचं का? इथेच बहुतेक घरांत चूक होते. अशा मुलाच्या ताटात आई आणखी एक पोळी वाढते, आग्रह करते, आणि तो खरोखरच खाऊ शकत नाही. पोट भरल्याचा निरोप मेंदूला जातो तो मुख्यतः पोट किती ताणलं गेलं यावरून, आणि ते ताणणं घासाच्या आकारमानावर असतं. त्या घासात किती ऊर्जा आहे, हे कळायला शरीराला बराच जास्त वेळ लागतो. ५०० कॅलरी काकडीतून घ्यायच्या तर तीन किलोंहून जास्त काकडी खावी लागेल. शिजलेल्या भातातून घ्यायच्या तर अडीच वाट्या. भाजलेल्या शेंगदाण्यांतून घ्यायच्या तर तीन मुठी पुरतात. तीन मुठी दाणे दिवसभरात विभागून कुणीही खाईल, पण रोजच्या जेवणावर आणखी अडीच वाट्या भात खाणं बारीक माणसाला महिनाभरही जमत नाही. पाणी आणि चोथा जास्त असलेला घास मोठा दिसतो आणि हलका असतो. तेलबिया, सुकं खोबरं, खजूर, सायीचं दूध यांचा घास लहान दिसतो आणि भारी असतो. ताट तेवढंच ठेवून घास भारी करायचा, एवढंच खरं काम आहे.

दुसरं कारण त्याच्या पायांत होतं. माझ्याशी बोलताना त्याचा गुडघा एकसारखा हलत होता. फोनवर बोलतो तो येरझाऱ्या घालत. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये जेम्स लेव्हिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये प्रसिद्ध केलेला एक प्रयोग मला अशा वेळी नेहमी आठवतो. त्यांनी १६ जणांना आठ आठवडे रोज गरजेपेक्षा १,००० कॅलरी जास्त खाऊ घातल्या. सगळ्यांना जादा खाणं सारखंच, तरी कुणाच्या अंगावर अर्धा किलोही चरबी चढली नाही आणि कुणाच्या अंगावर चार किलोंहून जास्त चढली. फरक कुठे पडला हे शोधलं तेव्हा दिसलं, की ज्यांची चरबी वाढली नाही त्यांची नकळत होणारी हालचाल वाढली होती. चुळबुळ, उभं राहणं, उगाच फिरणं. त्यांनी ठरवून काही केलं नव्हतं. शरीरच जादा आलेलं जाळून टाकत होतं. म्हणून बारीक माणसाला कागदावरचं गणित नेहमी थोडं वाढवून मांडावं लागतं. ४०० कॅलरींची वाढ हवी असेल तर ६०० ची योजना करावी, कारण त्यातल्या काही वाटेतच संपणार असतात.

हे कळल्यावर भाचा म्हणाला, "मग मावशी, सोपं आहे. रोज दोन वडापाव आणि एक कोल्ड्रिंक वाढवतो." कॅलरींच्या हिशेबाने त्याचं चुकलं नव्हतं. ते का चालणार नाही हे सांगायला मला पुण्याबाहेर जावं लागलं नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचा आणि ब्रिटिश संशोधक मित्र जॉन युडकिन यांचा फोटो शेजारी शेजारी छापला. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. पण शरीरातली चरबी मोजली तर युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. आपण भारतीय बाहेरून बारीक दिसतो, पण स्नायू कमी आणि चरबी जास्त, अशी आपल्यापैकी अनेकांची घडण असते, आणि ती चरबी पोटाभोवती साठते. मधुमेह आपल्याकडे लवकर येतो त्यामागे ही घडण आहे. ५० किलोंचा मुलगा मैदा, साखर आणि तळणावर ५६ किलोंचा झाला, तर हातपाय काडीसारखेच राहून पोट सुटण्याची शक्यता मोठी. वजनकाटा खूश होईल, पण ते वजन त्याच्या कामाचं नाही.

वसतिगृहात गॅस नाही, शेगडी नाही. मेसवाला सांगून काही वेगळं करून देणार नाही. म्हणून डब्यात टिकेल आणि हाताने खाता येईल अशी एकच मोठी गोष्ट ठरवली: लाडू. ताईने केले ते असे. पाव किलो शेंगदाणे मंद आचेवर भाजून साली पाखडून काढल्या. शंभर ग्रॅम तीळ तडतडेपर्यंत भाजले, शंभर ग्रॅम सुकं खोबरं किसून कोरडंच परतलं. दाणे जाडसर दळले, त्यांना तेल सुटू लागेल इथपर्यंतच. दोनशे ग्रॅम बिया काढलेला खजूर दोन चमचे तुपात मऊ केला, त्यात सगळं मिसळून मळलं आणि बावीस लाडू वळले. साखर नाही, गूळही नाही, खजुराची गोडी पुरते. एका लाडवात साधारण दीडशे कॅलरी आणि चार ग्रॅम प्रथिनं. लिंबाहून थोडा मोठा, चार घासांत संपणारा. हवाबंद डब्यात दोन-तीन आठवडे टिकतो. दाणे घेताना मात्र निवडून घ्यावेत. सुरकुतलेले, काळपट, बुरशी आलेले किंवा कडू लागणारे दाणे टाकूनच द्यावेत. त्या बुरशीचं विष यकृताला घातक असतं आणि भाजल्याने ते पुरतं जात नाही.

दिवसाला दोन लाडू म्हणजे ३१० कॅलरी. सकाळच्या बिस्किटांच्या जागी एक केळं आणि पेलाभर म्हशीचं दूध, म्हणजे आणखी २५०. दोन्ही वेळच्या भातावर चमचाभर तूप, म्हणजे ९०. बेरीज ६५०. तुपाचं प्रमाण मी मुद्दामच कमी ठेवलं. 'तूप खा, अंगाला लागेल' हा आपल्याकडचा पहिला सल्ला असतो, आणि तेल सोडलं तर तुपाइतकी भारी वस्तू ताटात दुसरी नाही हेही खरं. पण त्यात प्रथिनं नाहीत, तंतू नाहीत, आणि त्यातली बरीचशी चरबी अशी की रक्तातलं कोलेस्टेरॉल वाढवू शकते. दाणे, तीळ, जवस, कारळे यांतली चरबी त्या मानाने चांगली आणि सोबत प्रथिनंही येतात. घरी राहणाऱ्या मुलीला मी हेच दुसऱ्या वाटेने सांगते: भाजीत दोन चमचे दाण्याचा कूट, जेवताना शेंगदाण्याची किंवा तिळाची चटणी तेल घालून, मेटकूट-भात, दह्यात कालवलेलं सातूचं पीठ आणि केळं. यातल्या कशालाच परदेशी डबा लागत नाही.

सगळं एकदम सुरू केलं नाही. पहिल्या आठवड्यात फक्त लाडू, दुसऱ्यात दूध-केळं, तिसऱ्यात तूप. एकदम जास्त स्निग्ध पदार्थ गेले तर पोट जड होतं, जुलाब होतात आणि मुलगा चौथ्या दिवशी सगळं सोडतो. तरी दुधाने त्याला त्रास झालाच. सकाळी पेलाभर दूध प्यायलं की वर्गात पोट गुडगुडायचं. आपल्याकडे मोठ्या वयात दुधातली साखर नीट न पचणारे खूप आहेत, आणि त्यांना दूध अजिबातच चालत नाही असं नसतं, एका वेळी किती घेतलं यावर ते ठरतं. अर्धा पेला सकाळी केळ्याबरोबर आणि अर्धा रात्री जेवणानंतर असं केलं, तेव्हा गुडगुड थांबली. त्यानेही थांबली नसती तर दह्यावर आणलं असतं.

पहिल्या दोन आठवड्यांत वजन ९०० ग्रॅमनी वाढलं आणि त्याने आनंदाने फोन केला. मी त्याला सांगितलं की यातलं बरंचसं पाणी आणि पोटातलं अन्न आहे, खरं वजन इतक्या झपाट्याने येत नाही. पुढचे तीन आठवडे काटा हलला नाही. "बघ, मी म्हणालोच होतो, माझ्या अंगी लागत नाही." हा आवाज मी शेकडो मुलांचा ऐकला आहे, आणि नव्वद टक्के मुलं इथेच सोडून देतात असं मला वाटतं. मी पुन्हा वही मागवली. त्यात सापडलं ते असं: दुपारच्या सुट्टीत, बारा वाजता, तो एक लाडू खात होता आणि एक वाजता मेसमध्ये जात होता. मेसमध्ये गेल्यावर आधी पेलाभर पाणी आणि वाटीभर ताक पीत होता, कारण घरात तशी सवय. परिणाम, तीन पोळ्यांच्या दोन झाल्या आणि भात अर्धा राहू लागला. लाडवातून १५५ कॅलरी आल्या आणि ताटातून २०० गेल्या. लाडू खाऊनही दुपारी तो आधीपेक्षा कमी खात होता.

बदल लहानच केले. दुपारचा लाडू संध्याकाळी पाचला नेला, रात्रीचा जेवल्यावर तासाभराने. पाणी आणि ताक जेवणाच्या शेवटी. कोशिंबीर बंद नाही केली, पण पहिल्या घासाला नको, पोळी-भाजी अर्धी झाल्यावर. वजन कमी करणाऱ्यांना आपण नेमकं याच्या उलट सांगतो, आधी सार पी, आधी काकडी खा, म्हणून घरात दोन्ही प्रकारची माणसं असतील तर फार गोंधळ होतो. चहाही जेवणाच्या तासभर आधी-नंतर टाळला. तो भूक मारतो आणि अन्नातलं लोह शरीराला घेऊ देत नाही.

व्यायाम नसता तर यातलं बरंच पोटावर गेलं असतं. स्नायूला वाढायचं कारण द्यावं लागतं. मेसच्या पैशांतून जिमची फी निघणार नव्हती, म्हणून खोलीतच जोर आणि बैठका. आठवड्यातून तीन दिवस, एक दिवसाआड, तीन तीन फेऱ्या. प्रत्येक फेरीतले शेवटचे दोन-तीन जोर कष्टाने निघाले पाहिजेत, तरच उपयोग. ते सहज निघू लागले की पाठीवर पुस्तकांची सॅक. दूध, लाडू आणि मेसची आमटी मिळून त्याची प्रथिनं दिवसाला ७० ग्रॅमच्या आसपास गेली, आणि एवढ्या व्यायामाला ती पुरेशी होती. बाजारात वजन वाढवणाऱ्या पावडरी मिळतात त्यांत पुष्कळदा मुख्य वस्तू साखरेसारखं पिष्टच असतं. लेबल वाचलं तर ते दिसतं. ज्याच्यावर लेबलच नाही अशी 'महिन्यात दहा किलो' वाली पुडी मात्र हातातही घेऊ नये. तीत स्टिरॉइड मिसळलेलं असू शकतं. चेहरा गोल होतो, अंगाला सूज येते आणि ते वजन वाटलं तरी तो रोगच असतो.

मोजण्याची पद्धत आम्ही आधीच ठरवली होती. आठवड्यात तीन दिवस, सकाळी शौचाला जाऊन आल्यावर, काही खाण्याआधी, त्याच काट्यावर. तिन्हींची सरासरी लिहायची आणि फक्त सरासरीकडेच पाहायचं, कारण एका दिवसाचा आकडा किलोभर इकडेतिकडे होतो. महिन्यातून एकदा बेंबीजवळ कमरेचा आणि दंडाचा घेर. आठवड्याला पाव किलो ते अर्धा किलो एवढी वाढ हवी. वजन चढतंय, कंबरही तेवढ्याच वेगाने फुगतेय आणि दंड तसाच आहे, तर खाणं जास्त होतंय किंवा व्यायाम नावापुरता आहे. कंबर जवळपास जागेवर राहून दंड भरतोय, तर घास योग्य ठिकाणी जातोय.

सोळाव्या आठवड्याला त्याची सरासरी ५४.२ किलो आली. कंबर ६९ वरून ७१ सेंटिमीटर, दंड २३ वरून २५. मधे परीक्षेच्या दहा दिवसांत ७०० ग्रॅम उतरलं होतं, रात्री जागून फक्त चहावर राहिल्यामुळे, ते पुढच्या दोन आठवड्यांत भरून आलं. बीएमआय अजून १८.१ होता, म्हणजे काम संपलं नव्हतं, आणि नेमकं तेव्हा वाढीचा वेग मंदावला. यात काही बिघडलेलं नव्हतं. ५४ किलोंचं शरीर ५० किलोंच्या शरीरापेक्षा रोज जास्त जाळतं, शिवाय आता ते जोर काढत होतं, त्यामुळे सुरुवातीला जी ६५० कॅलरींची भर होती त्यातली बरीचशी आता रोजच्या खर्चातच जमा झाली होती. आम्ही रात्रीचा अर्धा पेला दुधाचा पूर्ण केला, पण त्यात केळं कुस्करून, आणि रविवारी ताईकडे गेला की उकडलेली चार अंडी डब्यात घेऊन येऊ लागला, सोमवारी-मंगळवारी दोन दोन. लाडवांचा पुढचा घाणा ताईने दुप्पट केला, कारण खोलीतल्या दोघा मित्रांनी, त्यातला एक अंगाने चांगला भरलेला, डब्यात हात घालायला सुरुवात केली होती. त्या भरलेल्या मित्राला मी निरोप पाठवला आहे की त्याने एकच खावा, आणि जेवणाआधी तासभर.